गाण्याच्या भेंड्यांचं निवेदन कसं लिहावं? घरच्या मैफलीसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोजागरी जवळ आली की नात्यातल्या, ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो. "यंदा भेंड्या आमच्या गच्चीवर आहेत, निवेदन माझ्या गळ्यात पडलंय. बोलू काय?" गेली काही वर्षं आमच्या घरच्या भेंड्यांचं निवेदन मी लिहितो आणि करतो. त्या फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे सविस्तर दिली आहेत. उदाहरण एकच घेतलं आहे: पुण्यात कर्वेनगरला आत्याच्या इमारतीच्या गच्चीवर झालेली कोजागरी, चोवीस माणसं, तीन संघ.

निवेदन लिहून काढायची खरंच गरज असते का? ऐन वेळी सुचतंच की.

गाणं रंगलेलं असतं तेव्हा ऐन वेळी सुचतं, पण तेव्हा निवेदकाची गरजच नसते. त्याची गरज पडते खेळ अडतो तेव्हा: एखाद्या संघाला अक्षर सुचत नाही, दोन काकांमध्ये "हे गाणं मघाशी झालंय" यावरून जुंपते, किंवा भेंडी चढते आणि शिक्षेची चिठ्ठी उघडायला कुणी उठत नाही. अशा वेळी चोवीस माणसं तुमच्या तोंडाकडे बघत असतात आणि नेमकं तेव्हाच काही सुचत नाही. म्हणून लिहायचं ते अडणाऱ्या जागांसाठी. अशा जागा पाचच आहेत: नियम सांगणं, अक्षर देणं, शेवटचे पाच सेकंद, वाद आणि भेंडी.

पहिल्या वर्षी मी याच्या उलट केलं होतं. सात पानं लिहिली, त्यात चारोळ्या, गाण्यांचा इतिहास, प्रत्येक संघाची ओळख असं सगळं होतं. ते सगळं मी वाचलंही. पहिलं गाणं सुरू व्हायला वीस मिनिटं लागली आणि तोवर मुलं खाली खेळायला निघून गेली. आता माझं सगळं निवेदन पोस्टकार्डाएवढ्या पाच पुठ्ठ्यांवर मावतं, एका जागेला एक पुठ्ठा. हातात कागदाची चळत असली की माणूस वाचतो, पुठ्ठा असला की नजर टाकून बोलतो.

संध्याकाळ किती वेळाची धरावी?

गच्ची असेल तर घड्याळ शेवटाकडून मांडा. उघड्यावर ध्वनिक्षेपक रात्री 10 वाजता बंद करावा लागतो, हा नियम आहेच. शिवाय गच्चीच्या खालच्या मजल्यावर कुणाचं तरी लहान मूल झोपलेलं असतं. म्हणून आम्ही निकाल साडेनऊला धरला आणि मागे मागे येत गेलो. बोलावलं आठला, सुरुवात आठ दहाला. ओळख आणि नियम सहा मिनिटं. सरळ भेंड्यांची पहिली फेरी तीस मिनिटं. मग शब्दफेरी पंधरा मिनिटं. नऊच्या सुमाराला दहा मिनिटं भेळ आणि बटाटेवडे, मग धूनफेरी पंधरा मिनिटं.

पहिल्या फेरीला तीस मिनिटं का, याचा हिशोब करून बघा. एक पाळी सुरळीत गेली तर सुमारे चाळीस सेकंद जातात: थोडा विचार, वीसेक सेकंद गाणं, निवेदकाचं एक वाक्य. भेंडी चढली तर मात्र चिठ्ठी, शिक्षा आणि टाळ्या धरून दोन मिनिटं जातात. आमच्याकडे तीन संघांच्या मिळून तीस पाळ्या झाल्या, त्यांतल्या सहांवर भेंडी चढली. चोवीस गाण्यांची सोळा मिनिटं, सहा भेंड्यांची बारा, म्हणजे अठ्ठावीस. दोन मिनिटं वादासाठी ठेवली होती, ती लागलीच.

संघ कसे पाडायचे? नावं काय द्यायची?

घरागणिक संघ पाडू नका. ज्या घरात रोज रेडिओ लागतो ते घर जिंकतं, आणि पुढचे सहा महिने जेवणाच्या ताटावर तो विषय निघतो. आधी गाण्यांच्या खाणी ओळखा. प्रत्येक कुटुंबात अशी तीन-चार माणसं असतात. आमच्याकडे आत्या, एक मामा आणि नगरची वहिनी. त्यांना तीन संघांत वाटायचं. मग दहा वर्षांखालची मुलं वाटायची, मग सत्तरीच्या पुढची माणसं, आणि उरलेल्यांनी चिठ्ठ्या उचलायच्या. आठ-आठचे संघ झाले.

नावं निवडताना त्या नावांवर पुढे बोलता आलं पाहिजे. 1993 साली झी टीव्हीवर सुरू झालेल्या अंताक्षरीपासून दीवाने, परवाने, मस्ताने ही नावं घरोघरी गेली, पण आता ती घेतली की निवेदकाला स्वतःचं काही बोलायला जागा उरत नाही. आम्ही टेकड्यांची नावं घेतली: पर्वती, तळजाई आणि वेताळ. पर्वतीच्या पायऱ्या, तळजाईचे मोर, वेताळाचे प्रश्न, प्रत्येकाला काहीतरी जोडलेलं आहे. आणि भेंडी 'चढते', टेकडीही चढायची असते. हा एक श्लेष मला संध्याकाळभर पुरला.

सुरुवातीला नेमकं काय बोलायचं?

तीन गोष्टी बोलायच्या: आत्ता इथे काय चाललंय, संघ कोणते, नियम काय. पाहुण्यांचं स्वागत, यजमानांचे आभार, दिवसाचं महत्त्व हे सगळं शेवटी किंवा मुळीच नाही. माझ्या पहिल्या पुठ्ठ्यावरचा मजकूर जसाच्या तसा देतो:

"नमस्कार मंडळी! खाली दूध आटतंय आणि चंद्र समोरच्या टाकीमागून वर येतोय. दोघांनाही वेळ लागणार आहे, तोवर आपण गाऊ या. आज गच्चीवर तीन टेकड्या आहेत. डावीकडे पर्वती, मधे तळजाई, उजवीकडे वेताळ. एरवी टेकडीवर आपण चढतो, आज भेंडी चढणार आहे. कुठल्या टेकडीवर, ते तुमच्या गळ्यावर.

"नियम चार. एक, मुखडा पुरा गायचा, निदान दोन ओळी. दोन, सुरुवात कुणीही करा, पण दुसऱ्या ओळीला सगळ्या संघानं साथ द्यायची. तीन, एकदा झालेलं गाणं पुन्हा चालणार नाही, वही ताईकडे आहे. चार, विचाराला दहा सेकंद. घंटा दादाकडे आहे, आणि घंटेशी वाद घालायचा नाही. आजी, पहिलं अक्षर तुम्ही द्या."

हे सावकाश बोललं तरी दीड मिनिटाच्या आत संघ आणि नियम दोन्ही आटोपतात. शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. हिंदीतल्या नेहमीच्या तुकबंदीनं सुरुवात केली की पहिलं अक्षर 'म' येतं, आणि 'म'ची दोन-तीन गाणी प्रत्येक घरात तयारच असतात. दरवर्षी खेळ त्याच गाण्यानं सुरू होतो. आजींनी अक्षर दिलं की पहिल्याच मिनिटाला घरातलं सगळ्यांत मोठं माणूस खेळात येतं आणि पहिला संघही भांबावतो. आमच्या आजींनी 'घ' दिला. पर्वतीला नऊ सेकंद लागले.

शेवटचं अक्षर धरायचं कसं? तिथेच सगळी भांडणं होतात.

होतात, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा नियम आधी न सांगणं हेच असतं. पण सगळे नियम सुरुवातीला सांगत बसलात तर कुणी ऐकत नाही. ते दुसऱ्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा आणि प्रसंग येईल तेव्हा एका वाक्यात सांगा.

आमचे नियम असे आहेत. काना, मात्रा, वेलांटी सोडून द्यायची, फक्त व्यंजन धरायचं. म्हणजे 'राणी'वर संपलं तर अक्षर 'ण'. 'ण'वरून गाणं सुरू होत नाही म्हणून 'न' घ्यायचा, आणि 'ळ' आला तर 'ल'. जोडाक्षर असेल तर त्यातलं शेवटचं व्यंजन: 'रात्र'चा 'र', 'प्राजक्त'चा 'त'. ओळ 'आई', 'जाऊ' अशी उघड्या स्वरावर संपली तर 'अ'पासून 'औ'पर्यंत कुठलाही स्वर चालेल.

आणखी एक नियम आहे, तो लोक विसरतात: मुखडा कुठे संपतो ते निवेदक ठरवणार. नाहीतर हुशार संघ बरोबर 'ठ' किंवा 'ढ' येईल अशा शब्दावर गाणं थांबवतो आणि पुढच्या संघाला अडकवतो. एकदा आमच्या मामांनी लागोपाठ तीनदा तसं केलं. तेव्हापासून अक्षर मी मोठ्यानं जाहीर करतो आणि जाहीर झालेलंच अक्षर धरतात.

हिंदी गाणी जास्त असली की 'ह' परत परत येतो, कारण ओळी 'है'वर संपतात. मराठीत 'आहे' आणि 'रे' यांच्यामुळे 'ह' आणि 'र' येतात. तिसऱ्यांदा तेच अक्षर आलं की मंडळी कंटाळून सुस्कारा टाकतात. त्यासाठी प्रत्येक संघाला एका फेरीत एकदा अक्षर बदलून मागण्याची सवलत ठेवा. आम्ही तिला 'बदलीचा अर्ज' म्हणतो. संघानं हात वर करून "अर्ज!" म्हणायचं, निवेदकानं म्हणायचं, "अर्ज मंजूर. 'ह' खात्यातून 'च' खात्यात बदली." नवं अक्षर निवेदकाचं.

दर गाण्यानंतर काहीतरी बोलायलाच हवं का?

नाही. "तळजाई, 'च'!" एवढं पुष्कळ झालं. तीस पाळ्यांत मी जेमतेम आठ-दहा वेळा त्यापुढे बोलतो, आणि ते वाक्य नेहमी आत्ता जे घडलं त्याबद्दल असतं. आजोबांनी अंतऱ्यातला शब्द बरोबर आठवला, लहानग्यानं सुरात गायलं, दोन जावांनी एकदम एकच गाणं उचललं, हे बघायचं आणि तेवढंच बोलायचं: "काकू, ही ओळ तुमच्याशिवाय कुणाला आठवली नसती. पुढचं अक्षर 'ल'." त्यासाठी घरून कोट्या आणायची गरज नसते, डोळे उघडे ठेवले तरी पुरतं. गाणं रंगात आलं असेल आणि सगळी गच्ची गात असेल तर अंतराही होऊ द्या. तेव्हा मधे बोलणारा निवेदक कुणालाच नको असतो.

दहा सेकंद कसे मोजायचे? आणि तेव्हा काय बोलायचं?

सगळ्यांनी मिळून मोजायला लागलं की दहा सेकंद सहा-सात सेकंदांतच संपतात. गर्दीला घाई असते, विरुद्ध संघाला जास्तच. म्हणून मोबाइलचं स्टॉपवॉच एका मुलाच्या हातात द्या, पूजेची घंटा दुसऱ्याच्या. आमच्याकडे ही कामं बारा-तेरा वर्षांच्या मुलांकडे असतात. त्या वयाची मुलं कुणाचीही भीड ठेवत नाहीत.

पहिले पाच सेकंद गप्प राहा. संघ कुजबुजत असतो, त्यांना तुमचा आवाज अडचण करतो. मग एक वाक्य आणि उरलेली उलटी मोजणी. प्रत्येक संघाचं वाक्य मी आधी लिहून ठेवतो. पर्वतीला: "पर्वती, शेवटच्या पाच पायऱ्या! पाच, चार..." तळजाईला: "तळजाईवर मोर ओरडतात, आज कुणीतरी ओरडा! पाच, चार..." वेताळला: "वेताळ नेहमी प्रश्न विचारतो, आज उत्तर द्यायची पाळी वेताळाची! पाच, चार..." ही वाक्यं फेरीत दोन-तीनदा आली तरी चालतात. तिसऱ्यांदा तर सगळे माझ्याबरोबर म्हणायला लागले.

दहा सेकंद कमी पडतायत हे कसं ओळखायचं? घंटा वाजल्यावर लगेच कुणीतरी "अरे, आलं होतं!" असं म्हणत असेल आणि हे वारंवार होत असेल, तर वेळ पंधरा सेकंद करा. चारातल्या एका पाळीपेक्षा जास्त वेळा भेंडी चढायला लागली तरीही तेच. तेवढ्या भेंड्या झाल्या की गाणी मागे पडतात आणि शिक्षाच उरतात.

भेंडी चढल्यावर काय करायचं? तिथे सगळं थंड पडतं.

ही सगळ्यांत अवघड जागा आहे, म्हणून जरा तपशिलात सांगतो. थंड पडण्याचं कारण असं की शिक्षा कुणा एकावर येते आणि ते एक माणूस कोण हे ठरेपर्यंत सगळे खाली मान घालतात. त्यावर तीन उपाय आहेत. शिक्षा कायम सगळ्या संघाला द्यायची. ती एका मिनिटात आटपणारी असावी. आणि ती करायची की नाही हे संघानं ठरवायचं.

माझ्या पुठ्ठ्यावरचं वाक्य असं आहे: "वेताळ टेकडीवर भेंडी चढली! आता दोन वाटा. बरणीतली चिठ्ठी काढा, करून दाखवा आणि पाच गुण मिळवा. किंवा भेंडी ठेवून घ्या, शून्य गुण, कुणी काही म्हणणार नाही." गाण्याला दहा गुण असतात, म्हणून शिक्षा केली तर निम्मं परत मिळतं. हे पाच गुण ठेवले त्या वर्षापासून लोक बरणीकडे आपण होऊन येतात, कारण आता ती दुसरी संधी असते.

त्या रात्रीची एक भेंडी सांगतो. तळजाईचं गाणं संपलं आणि अक्षर आलं 'ठ'. वेताळनं बदलीचा अर्ज आधीच वापरला होता. आत्या त्यांच्यातली खाण, पण तिलाही सुचेना. घंटा वाजली. मी वरचं वाक्य म्हटलं, संघातली सात वर्षांची मुलगी धावत येऊन चिठ्ठी घेऊन गेली. चिठ्ठीत होतं: "एका मिनिटात या गच्चीसाठी पुणेरी पाटी लिहा आणि सगळ्यांनी मिळून वाचा." त्यांना पुठ्ठा आणि जाड पेन दिलं. मिनिटभर आठ डोकी एकत्र आली. मग उभे राहून त्यांनी एका सुरात वाचलं:

"गच्चीवर गाणी चालू आहेत. खाली झोपणाऱ्यांनी वर यावे. वर येणाऱ्यांनी गावे. न गाणाऱ्यांनी दूध ढवळावे."

टाळ्या थांबेनात. मी एवढंच म्हणालो, "वेताळ, पाच गुण, आणि ही पाटी आज जिन्याच्या दारावर लागणार." ती खरंच लावली. शिक्षेनंतरचं हे वाक्य महत्त्वाचं आहे: त्यांनी जे केलं त्यातलं काहीतरी पुढे वापरायचं, मग शिक्षा वाया गेली असं वाटत नाही.

राहिलं अक्षर. 'ठ' पुढच्या संघाला दिलात तर त्यांच्यावरही भेंडी, मग तिसऱ्यावरही. म्हणून भेंडीनंतर जुनं अक्षर सोडून द्यायचं आणि नवं अक्षर शिक्षा भोगलेल्या संघानं पुढच्या संघाला द्यायचं. त्यांना तेवढा सूड मिळतो.

बरणीत कोणत्या चिठ्ठ्या टाकाव्यात?

पाटीची चिठ्ठी सांगितलीच. आमच्या बरणीतल्या आणखी काही:

डेक्कन ते वनाज बसचा कंडक्टर व्हायचं आणि गरवारे कॉलेज, नळ स्टॉप, पौड फाटा असे थांबे तालात पुकारायचे. बाकीच्या संघानं प्रवासी व्हायचं.

मंडईतल्या भाजीवाल्याची आरोळी अंगाईच्या चालीवर म्हणायची. भाव खरे हवेत. ही सगळ्यांत चांगली वठते, कारण कोथिंबिरीचा भाव काय यावरून संघात आपोआप वाद होतो.

"काळे राळे गोरे राळे राळ्यात राळे मिसळले" हे सगळ्या संघानं तीनदा, न अडखळता.

वस्तूचं नाव घेऊन उखाणा. नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव नको, कुकर, छत्री, स्कूटर असं काहीतरी. वहिनीनं त्या रात्री घेतला तो हा:

"मसाला दुधात तरंगते केशराची काडी,
स्कूटरचं नाव घेते, पंक्चर झाली तरी माझीच गाडी."

बारा चिठ्ठ्या पुष्कळ होतात. त्यांतल्या निदान निम्म्या बसून करता याव्यात, गुडघ्यांचं दुखणं असणारी माणसं प्रत्येक घरात आहेत. चिठ्ठीवर वेळ लिहायला विसरू नका, नाहीतर एका मिनिटाची नक्कल सहा मिनिटं चालते.

कोणत्या शिक्षा टाळाव्यात?

ज्यात माणसाचं खासगी आयुष्य येतं ती प्रत्येक. लग्न, मूल, नोकरी, पगार, मार्क, वजन, रंग, केस, वय. हे मी एका प्रसंगावरून शिकलो. एका वर्षी चिठ्ठ्या मुलांकडून लिहून घेतल्या आणि मी त्या वाचल्या नाहीत. त्यात "लग्न कधी करणार ते गाऊन सांगा" अशी चिठ्ठी होती, आणि ती नेमकी अशा बहिणीच्या हातात आली जिचं ठरलेलं लग्न महिन्यापूर्वीच मोडलं होतं. ती हसली, चिठ्ठी परत ठेवली, दूध बघते म्हणून खाली गेली आणि वर आलीच नाही. लिहिणाऱ्या मुलाला काहीच माहीत नव्हतं. चूक माझी होती, चिठ्ठ्या वाचणं माझं काम होतं. आता मी प्रत्येक चिठ्ठी स्वतः वाचतो आणि ती कुठल्याही माणसाच्या हातात पडली तर काय होईल याचा विचार करतो. एका जरी माणसासाठी अडचण वाटली तरी चिठ्ठी बाहेर.

जोडीदाराच्या नावाचा उखाणाही म्हणूनच बरणीत नको. घरात एखादी काकू एकटी झालेली असते आणि तिला 'तुमची पाळी नाही' असं सांगणं हे उखाणा घ्यायला लावण्याइतकंच वाईट. वस्तूचा उखाणा सगळ्यांना सारखा. तसंच, एखाद्या नातेवाइकाची नक्कल करायला सांगू नका, तो माणूस समोरच बसलेला असतो.

वाद झाला तर?

तीन वाद हमखास होतात: गाणं आधी झालंय, हा मुखडा नाही अंतरा आहे, आणि गाणं खरंच आहे की आत्ता रचलंय. पहिल्यासाठी वही. वही सांभाळणारी ताई प्रत्येक गाण्याचे पहिले तीन शब्द लिहिते आणि पान आधीच अक्षरांप्रमाणे आखलेलं असतं, त्यामुळे शोधायला पाच सेकंद लागतात. दुसऱ्यासाठी एक पंच नेमा. पंच खेळात नसावा, शक्यतो शेजारचं एखादं गाणं कळणारं माणूस. तिसऱ्यासाठी मोबाइल चालतो, पण फक्त पंचांचा. स्टॉपवॉचचा सोडून बाकीचे मोबाइल सुरुवातीलाच एका टोपलीत.

तेव्हा म्हणायचं वाक्य लिहून ठेवा, कारण वादात आवाज चढतो आणि आपलाही चढतो. माझं असं आहे: "दोन्ही बाजू ऐकल्या. पंच, निर्णय?" आणि निर्णय आल्यावर लगेच, श्वास न घेता, "मान्य! पर्वती, 'स'!" निर्णयावर चर्चा करायला दोन सेकंद जरी दिलेत तरी वाद पुन्हा सुरू होतो. पुढचं अक्षर लगेच दिलं की पुढचा संघ विचाराला लागतो आणि गच्चीचं लक्ष तिकडे वळतं.

भाषा कोणती चालेल, भावगीत, अभंग, नाट्यपद चालेल का, जाहिरातीचं गाणं चालेल का, हे खेळाआधीच ठरवा. आम्ही मराठी-हिंदी सगळं घेतो, आरती संघागणिक एकदाच, जाहिराती नाहीत. दहा वर्षांखालच्या मुलांना बडबडगीत चालतं. सुनेची किंवा जावयाची मातृभाषा वेगळी असेल तर त्यांच्या भाषेतलं गाणंही घ्या, फक्त शेवटचं अक्षर त्यांनाच सांगू द्या.

शब्दफेरी आणि धूनफेरीचं निवेदन वेगळं असतं का?

थोडं. शब्दफेरीत निवेदक शब्द देतो आणि तो शब्द असलेलं गाणं गायचं. शब्द समोरच्या गोष्टींतून उचला म्हणजे निवेदन आपोआप होतं. आम्ही चंद्र, दूध, वारा, पायरी असे बारा शब्द लिहिले होते. चंद्र हाती लागणारच, दूध मात्र अडवून गेलं. सोपे आणि अवघड शब्द प्रत्येक संघाला सारखे येतील असे आधी लावून ठेवा, नाहीतर पक्षपाताचा आरोप होतो आणि तो खरा असतो.

धूनफेरीत भाचा बाजाच्या पेटीवर सुरुवातीचे सूर वाजवतो. तिथे तुमचं काम गप्प बसण्याचं. सूर चालू असताना बोललात तर धून ऐकू येत नाही.

गुण कसे द्यावेत की शेवटपर्यंत रंगत राहील?

शेवटच्या फेरीत मागचा संघही जिंकू शकला पाहिजे. आमचे आकडे बघा. पहिल्या फेरीत पर्वतीची नऊ गाणी आणि एक शिक्षा, म्हणजे 95. तळजाईची आठ गाणी, दोन शिक्षा, 90. वेताळची सात गाणी, तीन भेंड्या, त्यांतल्या दोन शिक्षा केल्या, 80. शब्दफेरीत प्रत्येकाला चार शब्द होते, त्यात पर्वतीनं 30, तळजाईनं 40, वेताळनं 20 मिळवले. बेरीज 125, 130 आणि 100. धूनफेरीत सहा धुना ठेवल्या आणि प्रत्येकीला वीस गुण. म्हणजे वेताळ तीस गुणांनी मागे असूनही दोन धुना ओळखल्या तरी पुढे जाऊ शकत होता.

हे फेरीआधी मोठ्यानं सांगायचं, तेच त्या फेरीचं निवेदन: "तळजाई 130, पर्वती 125, वेताळ 100. धून एक, गुण वीस. वेताळ, दोन धुनांत चित्र पालटेल." वेताळचे आठही जण पुढे सरकून बसले. धुना तळजाईनं तीन, वेताळनं दोन आणि पर्वतीनं एक ओळखली. तळजाई 190 वर जिंकली.

जे गातच नाहीत त्यांचं काय?

घंटा, स्टॉपवॉच, वही, फळा, बरणी, पंच. सहा माणसं लागतात. पंच तर खेळाबाहेरचाच हवा. बाकीची कामं संघातल्या न गाणाऱ्यांना आळीपाळीनं द्या आणि अक्षर देताना त्यांचा उल्लेख करा. "काका, फळ्यावर दहा चढवा" एवढ्यानंही माणूस खेळात राहतो. "गा ना, एकच ओळ" असा आग्रह मात्र निवेदकानं कधी करू नये.

शेवट कसा करावा?

निकाल, टाळ्या आणि पुढची कृती, एवढंच. सगळे उठायच्या बेतात असतात. माझं शेवटचं बोलणं: "तळजाई जिंकली. जिंकलेल्यांनी दुधाचे पेले वाटायचे, हरलेल्यांनी बसून प्यायचे. माइक बंद." त्या रात्री हे म्हणालो तेव्हा नऊ एकतीस झाले होते आणि चंद्र टाकीच्या वर आला होता. पातेलं वर आणायला तळजाईचे चौघं खाली गेले. माइक बंद झाल्यावर आजींनी आपणहून एक जुनं भावगीत सुरू केलं, आणि त्याला अक्षर कुणी विचारलं नाही.